दोन खेपा मंजन

"पोस्ट तुमचीच होय ना, मॅडम? हो का नाही, तेवढंच सांगा."

"माझीच आहे. पण वीरेंद्रभाऊ, त्यात असं काही…"

"दोन खेपा करा म्हनून लिवलं का नाही लिवलं?"

"लिहिलं. पण दात घासून कोणी असं आजारी पडत नाही हो."

"मंग आत माही पोरगी काऊन पडून राहिली?"

डॉक्टर दुर्गेश्वरी गहाणेंनी दारातून आत पाहिलं. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात सकाळचे दहा वाजले होते. कोहमाऱ्याच्या चौकात, औषधाच्या दुकानाच्या वर त्यांचा दातांचा दवाखाना. त्याच चौकात वीरेंद्र पुस्तोडेचं टायर-पंक्चरचं दुकान. पंधरा मिनिटांपूर्वी त्याचा फोन आला होता. माही सोनू तुमची पोस्ट वाचून मरून राहिली, या तुमी, एवढंच तो बोलला आणि फोन कट झाला. दुर्गेश्वरीबाई खुर्चीवरचा पेशंट तसाच ठेवून स्कूटीनं आल्या होत्या. त्यांचा एक हातमोजा अजून हातातच होता.

आतल्या पलंगावर सहा वर्षांची सोनू. चेहरा पांढराफटक, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक, कपाळावर घाम, हनुवटीवरून लाळ वाहत होती. तासाभरात पाच उलट्या झाल्या होत्या. पहिल्या उलटीनंतर ती म्हणाली होती की घर फिरून राहिलं, आणि मग बोलणंच सोडलं होतं.

आणि व्हरांड्याच्या शेवटच्या बाकावर, पदराचा बोळा तोंडाशी धरून, सुमित्राबाई बसल्या होत्या. सोनूची आजी. तिला कडेवर घेऊन गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत त्या अनवाणी पळाल्या होत्या, मुन्ना ऑटोवाल्यासमोर आडव्या झाल्या होत्या. दवाखान्यात पोचल्यापासून मात्र, पोरीनं मंजन केलं, यापलीकडे त्या काही सांगत नव्हत्या. विचारलं की मान हलवत. कधी होकाराची, कधी नकाराची, तर कधी दोन्ही एकदम.

सुमित्राबाईंना गावात सगळे ओळखतात ते तलावामुळे. त्यांचे मालक पुनाराम तलावाच्या तुडुमावर असायचे. तुडुम म्हणजे तलावाच्या पाळीतलं, बांधातलं, पाणी सोडायचं तोंड. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, किती वेळ पाणी जायचं हे ते ठरवत, आणि ते आजारी असले की सुमित्राबाई ठरवत. एकदा सरपंचाच्या भावानं रात्रीतून आपल्याकडे पाणी वळवलं, तर सकाळी या बाई कंबरभर पाण्यात उतरून स्वतः तोंड बंद करून आल्या होत्या आणि वर पाळीवर बसून दिवसभर तिथून हलल्या नव्हत्या. कोणाला न भिणारी बाई, असं त्यांच्याबद्दल बोललं जाई. ते खरं होतं. फक्त एका डबीच्या बाबतीत त्या सगळ्यांना भीत.

वीरेंद्र लहान असताना त्यांची उजवी दाढ ठणकायला लागली. ऊस तोडायचे दिवस, गूळ शिजत होता, माणूस मोकळं नव्हतं. दाताचा डॉक्टर गोंदियात, आणि गोंदिया म्हणजे एक पूर्ण दिवस. सासूनं आपल्या कमरेची डबी काढली, काळं, चिकट, गुळाच्या वासाचं काहीतरी बोटावर घेतलं आणि सुनेच्या हिरडीला चोळलं. डोकं गरगरलं, दोनदा ओकारी झाली, पण ठणका थांबला. ती गुडाखू होती. तंबाखू आणि गुळाचा लगदा, पानठेल्यावर मिळतो तसा. पुढं ती दाढ पडली, तिच्या शेजारची पडली, पण डबी कमरेला राहिली. सकाळी उठल्यावर, चहानंतर, धानातलं तण काढायला निंदणाला जाताना, निंदणातून आल्यावर, झोपताना. तीस वर्षं.

आणि तिला गुडाखू कोणी म्हणत नसे. सासूपासूनच त्या घरात तिचं नाव मंजन. जरा मंजन करून येतो, असं म्हणून बाया आडोशाला जात. गुडाखू हा शब्द पुरुषांचा, ठेल्यावरचा. बायांचा शब्द मंजन.

वीरेंद्रला ते आवडत नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं दवाखान्याच्या भिंतीवर तोंडाच्या कॅन्सरचं चित्र पाहिलं, घरी येऊन डबी नाल्यात फेकली आणि आईला सांगितलं की आता ही चीज घरात दिसली तर मीच घरात दिसणार नाही. सुमित्राबाई दुसऱ्या दिवशी नवी डबी घेऊन आल्या आणि ती लपवायला लागल्या. यंदा सून नीतू दुसऱ्या बाळंतपणासाठी सालेकशाला माहेरी गेली, तेव्हा निघताना उंबऱ्यात थांबून एवढंच म्हणाली होती, की आई, सोनूले तुमच्या भरवशावर ठेवून चालली, ते डबी तेवढी तिच्यापासून दूर ठेवजा. नाहीतर आल्यावर मी तिला घेऊन वेगळी राहीन. नीतू कधी मोठ्यानं बोलत नसे. म्हणूनच ते वाक्य सुमित्राबाईंच्या मनात रुतून बसलं होतं.

अशा घरात परवा संध्याकाळी ती पोस्ट आली.

शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर कोणीतरी पाठवली होती. वीरेंद्र दुकानातून आला, हातपाय धुतले आणि खाटेवर बसून त्यानं ती मोठ्यानं वाचली. आवाज बदलून, नाकातून. सोनू त्याच्या गुडघ्याला टेकून ऐकत होती आणि सुमित्राबाई चुलीपाशी.

*माझ्या लाडक्या भाचरांनो,*

*मी किडूमामा! मुक्काम पोस्ट तुमची मागची दाढ. तुम्ही चॉकलेट खाता, बिस्कीट खाता, दाताला चिकटलेलं मी खातो. दिवसा लाळ मला सारखी धुऊन काढते, फार त्रास. पण रात्री तुम्ही झोपलात की लाळ कमी होते आणि मी कामाला लागतो. गोडाचं आंबट करायचं, त्या आंबटानं दाढ पोखरायची, आणि आत मस्त खोली बांधायची. एक माझी, एक माझ्या बायकोची, एक पाहुण्यांना.*

*माझा दुश्मन एकच. मंजन! सकाळची एक खेप मी कशीबशी सोसतो. पण झोपायच्या आधी दुसरी खेप म्हणजे मेलोच. वाटाण्याएवढं मंजन, पूर्ण दोन मिनिटं, तोंडभर फेस येईपर्यंत घासलं आणि थुंकून टाकलं, की मी बायकोपोरांसकट वाहून जातो. म्हणून हात जोडून विनंती करतो, दोन खेपा मंजन करू नका रे!*

*तुमचाच, सध्या तरी,*
*किडूमामा*

*आईबाबांनो, हे मुलांना मोठ्यानं वाचून दाखवा आणि पुढे पाठवा. मूल सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश तुमच्याच हातात असू द्या. पेस्ट फ्लोराइडची घ्या आणि गिळू देऊ नका.*
*डॉ. दुर्गेश्वरी गहाणे, दंतवैद्य, कोहमारा*

शेवटच्या चार ओळी मोठ्या माणसांसाठी म्हणून वीरेंद्रनं मनातल्या मनात वाचल्या. आणि पूर्ण पत्रात ब्रश हा शब्द होता तो नेमका त्या चार ओळींत.

सोनू हसली नाही. तिची एक दुधाची दाढ किडलेलीच होती. तिनं जिभेनं ती चाचपून पाहिली आणि विचारलं की त्याची बायको पण आत आहे का. वीरेंद्र म्हणाला, आहे, पाहुणे पण आले आहेत. त्याला ती गंमत वाटली. सोनू त्या रात्री तोंड उघडं पडू नये म्हणून ओठांवर हात ठेवून झोपली.

आणि सुमित्राबाईंचं काय झालं? भाकर तव्यावर तशीच राहिली. त्यांनी वीरेंद्रला विचारलं, कोन म्हनते हे? तो म्हणाला, डॉक्टरीन म्हनते, चौकातली, मोठी शिकलेली आहे. मंजन करा म्हनते? हो, दोन खेपा. लेकरायले बी? लेकरायलेच तर म्हनते.

तीस वर्षं ज्यासाठी बोलणी खाल्ली, ती गोष्ट एक शिकलेली डॉक्टरीण दोनदा करा म्हणत होती. त्यांनी पुढं काही विचारलं नाही. विचारलं असतं तर वीरेंद्र डबीवर आला असता. पण दुसऱ्या दिवशी निंदणात, धानाच्या बांधीत वाकल्या वाकल्या त्यांनी ही बातमी सगळ्या बायांना सांगितली.

घरातली पेस्टची ट्यूब पाच दिवसांपूर्वी संपली होती. वीरेंद्र रोज आणतो म्हणायचा आणि रोज विसरायचा.

व्हरांड्यात भांडण चालू होतं ते असं, की त्यातल्या कोणालाच ही गोष्ट पूर्ण माहीत नव्हती.

दुर्गेश्वरीबाईंनी पहिल्यांदा धरलं की मुलीनं पेस्ट गिळली. थोडीफार गिळली तर पोट दुखतं, मळमळतं, बस. अख्खी नवी ट्यूब पोटात गेली असेल तरच खरी भीती. त्यांनी वीरेंद्रला विचारलं, किती गेली? तो म्हणाला, पेस्ट तर घरात नाहीच. मग कशानं घासले? मंजनानं घासले म्हणते माय. कोणतं मंजन? त्यानं आईकडे पाहिलं. सुमित्राबाई पदराआडून म्हणाल्या, लाल मंजन. शेजाऱ्याकडलं.

लाल मंजनानं बाहुल्या बारीक होत नाहीत. लाळ अशी वाहत नाही.

ड्यूटीवरचे डॉक्टर लीलाधर राऊत बाहेर आले. तरुण माणूस, हळू बोलणारा. त्यांनी वीरेंद्रला बाजूला घेऊन विचारलं, घरात फवारणीचं औषध आहे का? आणि वीरेंद्रचा आवाज एकदम खाली गेला. काल त्यानं धानावर फवारलं होतं. पंप पडवीत होता. धुतला होता का? त्यानं सांगितलं, धुतला असेल. मग म्हणाला, नाही धुतला. मग भिंतीला टेकला.

तेव्हा दुर्गेश्वरीबाईंना कळलं की हा मघापासून त्यांच्यावर एवढा का ओरडत होता. पोस्टचा दोष निघाला तर पंपाचा निघणार नव्हता.

डॉ. राऊत म्हणाले की लक्षणं औषधाची वाटतात, पण तोंडाला, कपड्याला तो वास येत नाही. त्यावरचं इंजेक्शन भरून ठेवलंय. विष तेच असेल तर उशीर करून चालणार नाही, आणि नसेल तर ते देऊन फायदा नाही. गोंदियाला न्यायला गाडी मागवली आहे. घरी काय काय होतं, डबे, बाटल्या, काहीही, कोणाला तरी आणायला पाठवा. पोरीनं काय गिळलं ते कळायला पाहिजे. सगळं त्यावर आहे.

"मी तोंड बघू का तिचं?" दुर्गेश्वरीबाईंनी विचारलं. त्यांना दुसरं काही येतही नव्हतं.

त्यांनी नर्सकडून नवा हातमोजा घेऊन चढवला, फोनचा दिवा लावला आणि सोनूचा ओठ बोटानं वर केला. हिरडीच्या कडेला तपकिरी रेघ होती. खालच्या दाढांमधल्या फटीत काळे कण अडकले होते, आणि त्या किडलेल्या दाढेच्या खड्ड्यात तर ते ठासून भरलेले. बोटानं तिथेच पुन्हा पुन्हा घासल्यासारखे. त्या वाकल्या. उलटीच्या आंबट वासाखाली दुसरा एक वास होता. गुळाचा. आणि गुळाच्या आत तंबाखूचा.

हा वास त्यांना रोज येत असे. त्यांच्या खुर्चीवर बसणाऱ्या प्रत्येक दुसऱ्या बाईच्या तोंडाला तो असे. मंजन करता का, असं विचारलं की त्या बाया सांगत, हो, चार-पाच डाव करतो. बाईंनी कितीदा ते ऐकलं होतं, आणि हसून कागदावर गुडाखू असं लिहिलं होतं. लिहिताना त्यांना शब्द कळत होता. पोस्ट लिहिताना तो कळला नव्हता.

त्यांनी हातमोजा उतरवला. त्या चालत बाकापर्यंत आल्या आणि खाली फरशीवरच बसल्या, सुमित्राबाईंच्या पायाशी.

"मावशी," त्या म्हणाल्या, "तो शब्द माझा आहे."

सुमित्राबाईंनी पाहिलं.

"मंजन. मी आधी टूथपेस्ट लिहिलं होतं. मग वाटलं, फार शहरी वाटतं, आपल्या बायांना आपला शब्द पाहिजे. म्हणून खोडलं आणि मंजन लिहिलं. तुम्ही ऐकलं ते बरोबरच ऐकलं. चूक माझी आहे."

सुमित्राबाई बाकावर मागं सरकल्या. 

"लाल मंजन होतं," त्या म्हणाल्या.

"डॉक्टर तिला फवारणीच्या औषधावरचं इंजेक्शन देणार आहेत. ते तिनं घेतलंच नसेल तर, मावशी?"

"वीरेंद्र मले घरात ठेवनार नाही."

"मला माहीत आहे."

"नीतू पोरीले घेऊन जाईल. मले दिसनार नाही ते पोरगी."

"आत्ता सांगितलं तर दिसेल."

सुमित्राबाईंनी लेकाकडे पाहिलं. तो भिंतीला डोकं लावून, डोळे मिटून उभा होता आणि पंप, पंप, असं काहीतरी पुटपुटत होता. पोरगा स्वतःलाच पोरीचा खुनी समजून राहिला हे त्यांना दिसलं असावं. त्यांनी कमरेला हात घातला. पातळाच्या घडीतून डबी निघाली. पत्र्याची, गोल, वरचं चित्र पार झिजलेलं. झाकण उघडून त्यांनी ती दुर्गेश्वरीबाईंच्या पुढं धरली. अर्ध्याहून जास्त रिकामी होती.

"परवा राती मी बोटावर टिपकाभर देलो," त्या म्हणाल्या. आवाज इतका बारीक की वाकावं लागत होतं. "तिले गरगरलं. मी म्हनलो, लागते पयल्यांदा, सोय होते. काल बी तेवढंच देलो. आज मी शेन टाकाले गेलो होतो. डबी घरी रायली, तिनं ते घेतली. मी आलो तं मले म्हनते, आजी, फेसच नाही येऊन राहिला."

दुर्गेश्वरीबाईंनी डोळे मिटले.

"फेस येईपर्यंत घास म्हनते ना ते मामा. येते काय फेस याले? तं ते घेतच गेली. पुन्हा घेतलं, पुन्हा घेतलं. थुकली बी नाही. म्हनते, थुकलो तं मामा भायेर येईल."

डबी घेऊन दुर्गेश्वरीबाई आत धावल्या. डॉ. राऊतांनी डबी पाहिली, हुंगली, किती वाजता, असं विचारलं. साडेआठ, सुमित्राबाई दारातून म्हणाल्या. त्यांनी भरलेलं इंजेक्शन ट्रेवर परत ठेवलं आणि नर्सला झपाट्यानं दोन-तीन गोष्टी सांगितल्या. तोंड ओल्या कापसानं आतून पुसून काढा, एक कण राहू देऊ नका, तो राहिला तर अजून आत जाईल. कुशीवर झोपवा. सलाईन. बोटाला ऑक्सिजन मोजायचं यंत्र. ते दुर्गेश्वरीबाईंना म्हणाले की याला वेगळा उतारा नसतो, शरीर स्वतःच ते बाहेर टाकतं आणि मुलांचं शरीर बऱ्यापैकी लवकर टाकतं. उलट्यांनी बरंच बाहेर पडलंय. आपण श्वास आणि नाडी सांभाळायची, झटका आला तर त्याचं औषध द्यायचं. पुढचे चार तास. गाडी दाराशी उभीच राहू द्या.

तोंड पुसायचं काम दुर्गेश्वरीबाईंनी मागून घेतलं. एकेका दाढेची फट. शेवटी ती किडलेली दाढ. दुसऱ्या हातानं सोनूची हनुवटी धरून त्यांनी ती साफ केली.

बाहेर वीरेंद्रला कळलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका आली, पंपाची, आणि लगेच त्या सुटकेची लाज. मग तो आईच्या समोर जाऊन उभा राहिला. शिव्या देईल असं नर्सला वाटलं. तो एवढंच म्हणाला, "एक पेस्टची ट्यूब मी पाच दिवस आनली नाही, माय." आणि रस्त्याकडे पाठ करून बसला. सुमित्राबाईंना शिव्या चालल्या असत्या.

अकरा वाजता सोनूची नाडी फार मंद झाली आणि सगळे उठून उभे राहिले. बारा वाजता ती पुन्हा वर आली. एक वाजता तिनं उलटी केली नाही. सव्वा वाजता नीतूचा सालेकशाहून फोन आला, सहज केलेला, आणि वीरेंद्रनं तो वाजू दिला. दोघं मायलेक त्या वाजणाऱ्या फोनकडे पाहत बसले.

त्या वेळात दुर्गेश्वरीबाईंनी ग्रुपवरची मूळ पोस्ट काढायचा प्रयत्न केला. त्यांच्या ग्रुपवरची निघाली. पण ती आता त्यांची राहिली नव्हती. तीन शाळांच्या ग्रुपवर होती, अंगणवाडीच्या ताईंकडे होती, त्यांच्या स्वतःच्या आत्याकडून त्यांनाच परत आली होती, खाली हसरे चेहरे लावून. त्यांनी नवीन लिहिलं. आता विनोद सुचला नाही. *मंजन म्हणजे गुडाखू नव्हे. मुलांना फक्त ब्रश आणि पेस्ट. वाटाण्याएवढी, सकाळी एकदा, झोपताना एकदा, तुमच्यासमोर. गुडाखू मुलांच्या तोंडात गेली असेल तर ताबडतोब दवाखाना, आणि डबी सोबत घेऊन या. लाजू नका. लपवू नका.* शेवटचे दोन शब्द त्यांनी खोडले, मग पुन्हा लिहिले.

साडेतीनला सोनूनं डोळे उघडले. ओठ कोरडे होते, आवाज घोगरा. आजीला शोधलं, आजी दारात होती.

"आजी," ती म्हणाली, "मामा मेला काय?"

सुमित्राबाईंनी पदर तोंडाशी नेला. दुर्गेश्वरीबाई खाटेपाशी वाकल्या आणि म्हणाल्या की मामा खोटा आहे, मीच लिहिला होता. सोनू त्यांच्याकडे बघत राहिली. तिला ते पटलं नाही हे दिसत होतं. तिनं ओठांवर हात ठेवला आणि परत डोळे मिटले, पण आता गालांवर थोडा रंग होता, आणि डॉ. राऊतांनी दाराशी उभ्या असलेल्या गाडीला जायला सांगितलं. रात्रभर इथंच ठेवू, असं म्हणाले.

वीरेंद्र पहिल्यांदा मोठ्यानं रडला. नर्सनं त्याला पाणी दिलं.

सुमित्राबाई व्हरांड्यात आल्या आणि बाकावर बसल्या. डबी दुर्गेश्वरीबाईंच्या हातात होती. त्या शेजारी टेकल्या. दोघींच्या अंगातली भीती उतरायला लागली होती. तेव्हा सुमित्राबाईंनी स्वतःशीच बोलल्यासारखं म्हटलं, बिचाऱ्या सावित्रीची नातीन तं सोनूहून बी लहान आहे.

"कोण सावित्री?"

निंदणातली, त्या म्हणाल्या. काल सांगितलं मी त्यायले. डाक्टरीन म्हनते, लेकरायले बी दोन खेपा मंजन.

 दुर्गेश्वरीबाईंनी विचारलं, किती जणी होत्या. सुमित्राबाईंनी बोटांवर मोजल्या. नऊ. डबी ठेवणाऱ्या सात. त्यातल्या घरात लहान पोर असलेल्या चार. काल रात्री कोणी दिली असेल का, सकाळी दिली असेल का, कोणाच्या पोराला गरगरलं असेल आणि कोणी म्हटलं असेल का, की लागते पयल्यांदा, सोय होते?

त्यांनी फोन काढला. चौघींपैकी एकीकडे फोन नव्हता. बाकीच्या फोन घरी ठेवून बांधीत जात. नवी पोस्ट लेकांच्या, जावयांच्या फोनवर पोचेल. ते वाचतील, कदाचित नाकातून, गंमत म्हणून. कदाचित शेवटच्या ओळी मनातल्या मनात. आणि बायांना कोणी चौकातल्या डॉक्टरणीचं नवं म्हणणं सांगितलं, तर त्या म्हणतील, काल तं सुमित्रीनं दुसरंच सांगतलं.

निंदणाच्या बाया पाचला सुटतात. सातला जेवणं. आठला पोरं झोपतात, आणि झोपायच्या आधी दुसरी खेप.

"मावशी, मी स्कूटी आणलीय," दुर्गेश्वरीबाई म्हणाल्या. "मी येते बांधीपर्यंत. पण माझं त्या ऐकणार नाहीत. तुमचं ऐकतील. तुम्हालाच सांगावं लागेल, सोनूला काय झालं. कशानं झालं. कोणाच्या डबीतलं. सगळं, सगळ्यांसमोर."

सुमित्राबाईंनी पदर तोंडावरून काढला. उजवीकडच्या दोन दाढांची रिकामी जागा दिसली, आणि काळी रेघ. ज्यांच्यासमोर त्या तीस वर्षं मान वर करून राहिल्या, त्या नऊ जणींसमोर हे सांगायचं. संध्याकाळपर्यंत ते सालेकशाला पोचेल, नीतूच्या कानावर.

"सांगाल ना, मावशी?"

वीरेंद्र आतून दारात आला होता. त्याला शेवटचंच ऐकू आलं होतं. "माय, काय सांगाचं आहे?" त्यानं विचारलं.

सुमित्राबाई उठल्या. बाकावरून हात पुढं करून त्यांनी दुर्गेश्वरीबाईंच्या हातातली डबी घेतली, झाकण घट्ट लावलं आणि ती कमरेला न खोचता मुठीतच धरली, सगळ्यांना दिसेल अशी. खिडकीतून आत एकदा पाहिलं. मग पायऱ्या उतरल्या आणि अनवाणीच, बांधीच्या रस्त्यानं, स्कूटीची वाट न पाहता चालायला लागल्या.